मजल्यावर किती अग्निशामक सिलिंडर लागतील? क्षेत्रफळ मोजा, मग दोरी धरून चालून बघा

हा हिशेब ऑफिसच्या मजल्याचा आहे. आग लागलीच तर कागद, लाकूड, कापड, फर्निचर जळेल, म्हणजे धोका कमी वर्गातला. रंग, थिनर, तेल असलेल्या गाळ्याला हे आकडे लावू नका. तिथे सिलिंडर जास्त लागतात आणि चालायचं अंतर 15 मीटर किंवा त्याहूनही कमी धरावं लागतं. तुमच्या फायर एनओसीत वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा.

भारतीय मानक IS 2190 मधलं, कमी धोक्याच्या जागेसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं प्रमाण सोपं आहे. दर 600 चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक सिलिंडर (9 लिटर पाण्याचा किंवा 6 किलो एबीसी पावडरचा), प्रत्येक मजल्यावर कमीत कमी दोन, आणि कुठूनही 25 मीटरच्या आत हाताशी.

क्षेत्रफळाचा हिशेब. मुंबईत सगळं चौरस फुटात सांगतात, म्हणून आधी 10.76 ने भागा. मग 600 ने भागा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्या. हे प्रत्येक मजल्याला वेगळं करायचं. पाच मजले, प्रत्येकी 320 चौरस मीटर, एकूण 1600, म्हणून तीन सिलिंडर, असं गणित मांडणारे सेक्रेटरी मला दर वर्षी भेटतात. बरोबर उत्तर दहा आहे, प्रत्येक मजल्यावर दोन. खालच्या मजल्यावरचा सिलिंडर तुमच्या मजल्याच्या मोजणीत कधीच येत नाही.

इलेक्ट्रिक पॅनेलजवळचा सीओटू सिलिंडर वेगळा धरा. तो या आकड्यात मिसळू नका.

चालायचं अंतर. खरं काम इथे आहे, आणि मी स्वतः इथेच अनेक वर्षं चुकत होतो. नकाशा टेबलावर पसरायचा, सिलिंडरच्या जागी कंपासचं टोक ठेवायचं, 25 मीटरचं वर्तुळ काढायचं आणि सगळे कोपरे आत आले की सही करायची. आजही असाच सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. कंपास भिंतीतून आरपार जातो, माणूस जात नाही.

अंधेरीतल्या एका जुन्या इमारतीतला मजला सांगतो. लांबी 44 मीटर, रुंदी 22, म्हणजे 968 चौरस मीटर. 600 ने भागलं तर 1.61, म्हणजे दोन सिलिंडर. मधोमध 2 मीटरचा कॉरिडॉर लांबीभर जातो, दोन्ही बाजूंना 10 मीटर खोल ऑफिसं. मी एक सिलिंडर पश्चिमेच्या टोकापासून 11 मीटरवर लावला, दुसरा पूर्वेच्या टोकापासून 11 मीटरवर, दोन्ही कॉरिडॉरमध्ये. कागदावर कुठलाही कोपरा जवळच्या सिलिंडरपासून 16 मीटरच्या आतच होता. मी निर्धास्त होतो.

आग्नेय बाजूला मात्र दोन गाळे एकत्र करून 22 मीटर लांबीचं एकच ऑफिस केलेलं होतं. जोडताना पूर्वेकडचं दार प्लाय ठोकून बंद केलं आणि त्यावर कपाटं लावली. उरलं एकच दार, मजल्याच्या मध्याजवळ. एके दिवशी त्या ऑफिसच्या अगदी मागच्या कोपऱ्यात प्रिंटरशेजारच्या कागदांच्या गठ्ठ्याने पेट घेतला. सिलिंडर आणायला धावलेल्या मुलाला खिडकीच्या कडेने 20 मीटर, मग टेबलांमधून दारापर्यंत 10 मीटर, आणि दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उलट्या दिशेने आणखी 9 मीटर जावं लागलं. एकूण 39 मीटर. परतताना तेच अंतर, हातात नऊ-दहा किलोचं वजन. कंपासाने तेच अंतर साडेपंधरा मीटर दाखवलं होतं. कोणाला इजा झाली नाही, पण तो मुलगा परत आला तेव्हा छताच्या फॉल्स सीलिंगपर्यंत ज्वाळा गेल्या होत्या. तो नकाशा माझ्या सहीचा होता. त्या दिवसापासून मी कंपास वापरलेला नाही.

आता मी बरोबर 25 मीटरची नायलॉनची दोरी नेतो. एक जण दोरीचं टोक सिलिंडरच्या हुकाशी धरतो, दुसरा दोरी जमिनीलगत ओढत सर्वांत अडचणीच्या कोपऱ्याकडे जातो. टेबलाला वळसा, खांबाला वळसा, दारातून आत. दोरी कोपऱ्यापर्यंत पोचली तर जागा पास. हात लांब करून टोक कोपऱ्याला लावू नका, आणि दोरी टेबलाखालून सरकवू नका. माणूस उभा चालतो, त्याच वाटेने दोरी गेली पाहिजे.

मोजणी रविवारी करू नका. रिकाम्या ऑफिसात खुर्च्या आत सरकवलेल्या असतात आणि सगळ्या वाटा मोकळ्या दिसतात. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता जा, तेव्हा खुर्च्या मागे असतात, बॅगा जमिनीवर असतात आणि झेरॉक्सच्या कागदांची खोकी वाटेत असतात. तीच वाट खरी.

त्या मजल्यावर दोरीने काय सांगितलं? उत्तरेकडच्या चार लहान गाळ्यांची दारं मध्यावर होती. मागच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत साडेपंधरा मीटर, पुढे सिलिंडरपर्यंत साडेपाच, एकूण 21. पास. नैर्ऋत्येचे दोन गाळेही तसेच, पास. मोठं ऑफिस नापास. कॉरिडॉरचा सिलिंडर त्यांच्या दारापाशी आणला तरी 30 मीटर होत होते, म्हणजे नुसता सरकवून भागणार नव्हतं.

मग ऑफिसच्या आत, कॉरिडॉरच्या बाजूच्या भिंतीवर मध्याजवळ, पश्चिमेकडच्या भिंतीपासून 12 मीटरवर तिसरा सिलिंडर लावला. तिथून दूरचा पूर्व कोपरा 20 मीटर, पश्चिम कोपरा 22. टेबलांचे वळसे धरूनही दोरी पुरली.

ऑफिसच्या मालकांनी लगेच विचारलं, आत एक आला, मग बाहेरचा काढून इथेच आणला तर दोनात भागेल ना? नाही भागत. आतला सिलिंडर फक्त त्या ऑफिसचा. संध्याकाळी सातला शटर पडलं, कुलूप लागलं, की शेजारच्या गाळ्यासाठी तो असून नसल्यासारखा. कॉरिडॉरचे दोन कायम ठेवून आत तिसरा, म्हणजे या मजल्यावर तीन. क्षेत्रफळाने दोन सांगितले, चालण्याने तीन. दोन्हीतला मोठा आकडा घ्यायचा, त्यावर घासाघीस नको.

नकाशावर आधी चाळणी लावायची असेल तर 25 ऐवजी 17 मीटरचं वर्तुळ काढा. टेबलांच्या रांगांमधून काटकोनात वळत गेलं की सरळ अंतराच्या जवळजवळ दीडपट चालणं होतं, त्यामुळे 17 च्या बाहेरचा कोपरा संशयित समजा. पण आत आलेला कोपरा पास धरू नका. माझा कोपरा साडेपंधरावर होता.

लावणं. दाराजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर, भिंतीला पक्क्या हुकावर, वर खूण लावून. उघडलेल्या दारामागे नाही, कुंडीमागे नाही.

जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सी आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म द्यायला येते तेव्हा प्रत्येक ऑफिसला एकच प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत एखादं पार्टिशन उभं केलं का, दार बंद केलं का? उत्तर हो असेल तर त्या ऑफिसात त्याच दिवशी दोरी पुन्हा टाका.