तीन रेषा एकाच कोपऱ्यात : ग्राफिकल मेथडमधल्या या चुका टाळा

दोन चलांचं लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे सोपं काम, अशी समजूत करून घेऊन मुलं आलेख काढतात, कोपऱ्यांचे बिंदू वाचतात, प्रत्येकात Z काढतात आणि सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती चौकट करून वही मिटतात. बहुतेक गणितांत ते चालून जातं. पण तीन अटींच्या रेषा एकाच बिंदूतून गेल्या, म्हणजे कोपरा डिजनरेट निघाला, की त्याच घाईतून त्याच चुका होतात. उत्तर बरोबर येतं आणि त्या उत्तराचा अर्थ चुकतो, हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण उत्तर बरोबर असल्यामुळे पुढचं कोणी तपासत नाही.

एकच उदाहरण घेऊन बोलू. लोखंडी सामान बनवणारी एक लहान शेड आहे. x टेबलं आणि y रॅक. टेबलामागे नफा ₹300, रॅकमागे ₹250. दोन्हींना कटिंगचा एकेक तास लागतो. वेल्डिंगला टेबलाचे दोन तास आणि रॅकचा एक, पेंटिंगला टेबलाचा एक आणि रॅकचे दोन. दिवसाला कटिंगचे 6, वेल्डिंगचे 8 आणि पेंटिंगचे 10 तास मिळतात.

```
Z = 300x + 250y   (जास्तीत जास्त)
x + y  ≤ 6    कटिंग
2x + y ≤ 8    वेल्डिंग
x + 2y ≤ 10   पेंटिंग
x, y ≥ 0
```

फिजिबल रीजनचे कोपरे (0,0), (4,0), (2,4) आणि (0,5). Z अनुक्रमे 0, 1200, 1600 आणि 1250. म्हणजे दोन टेबलं, चार रॅक, नफा ₹1600. आता (2,4) तिन्ही अटींत घालून बघा: 6, 8, 10. तिन्ही अटी काठोकाठ भरल्या आहेत. एरवी एका कोपऱ्यात दोन रेषा भेटतात, इथे तीन भेटल्या.

डोळ्यांनी ठरवू नका

तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जातात की नाही, हे आलेखाने ठरत नाही. पेन्सिल बोथट असेल तर त्या जागी चिमुकला त्रिकोण तयार होतो. मग कोणी (2.1, 3.9) वाचतो आणि वेल्डिंगची अट 8.1 वर जाऊन मोडते. उलटही होतं. पेंटिंगचे तास 10 ऐवजी 10.1 असते तर तिथे दोन वेगळे कोपरे असते, (2,4) आणि (1.9, 4.1). एका एककाला एक सेंटीमीटर घेतलं तर दोघांमधलं अंतर दीड मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे कागदावर ते एकच दिसतात.

माझी सवय अशी की दोन समीकरणं हाताने सोडवायची, येणारा बिंदू तिसऱ्यात घालायचा आणि मगच बोलायचं. सहगुणकात 1/3 असेल तर तो 1/3 च ठेवायचा. 0.33 लिहिलंत की रेषा जराशी सरकते आणि एकत्र येणाऱ्या रेषा एकत्र येत नाहीत. मोबाइलवर आलेख काढून झूम करत बसणाऱ्यांनाही हेच सांगतो: झूम करण्याऐवजी एक ओळ आकडेमोड करा.

अक्ष मोजायला विसरू नका

x ≥ 0 हीसुद्धा अट आहे. x + y ≤ 5 आणि x + 3y ≤ 15 या दोन्ही रेषा y-अक्षाला (0,5) मध्येच भेटतात, आणि अक्ष धरला की तिथेही तीन रेषा होतात.

Z समांतर दिसली म्हणून अनंत उत्तरं लिहू नका

पाठांतरातून येणारी ही चूक. "Z ची रेषा एखाद्या अटीच्या रेषेला समांतर असेल तर अनंत उत्तरं" असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. वरच्याच गणितात दोन्ही वस्तूंवर ₹300 नफा धरा. Z आता कटिंगच्या रेषेला समांतर आहे. तरी उत्तर एकच आहे: (2,4) वर 1800, (4,0) वर 1200, (0,5) वर 1500. कारण कटिंगची रेषा फिजिबल रीजनला फक्त त्या एका टोकाला शिवते. रीजनची कडा तिच्यावर नाहीच. Z कोणत्या रेषेला समांतर आहे ते बघू नका, रीजनच्या कोणत्या कडेला समांतर आहे ते बघा.

एकच शॅडो प्राइस छापून मोकळे होऊ नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. एका तासाची किंमत किती, हे काढताना नेहमीची रीत अशी: उत्तराच्या कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन अटी घ्यायच्या आणि त्यांच्या किमती दोन समीकरणांतून सोडवायच्या. इथे भेटतात तीन अटी. मग कोणत्या दोन घ्यायच्या?

कटिंग आणि वेल्डिंग घेतलं तर कटिंगचा तास ₹200, वेल्डिंगचा ₹50, पेंटिंगचा शून्य. वेल्डिंग आणि पेंटिंग घेतलं तर वेल्डिंग ₹116.67, पेंटिंग ₹66.67 आणि कटिंग शून्य. कटिंग आणि पेंटिंग घेतलं तर पेंटिंगची किंमत उणे 50 येते, म्हणून ती जोडी बाद. उरलेल्या दोन्ही जोड्यांची बेरीज ₹1600 च भरते: 6×200 + 8×50 करा, किंवा 8×116.67 + 10×66.67 करा. ताळा दोन्हीकडे जमतो, म्हणून प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलांच्या एका गटाने असाच प्रकल्प एका शेडवर केला होता. त्यांचे आकडे मी इथे सोपे करून घेतले आहेत, पण रचना हीच होती. त्यांना पहिली जोडी मिळाली. अहवालात लिहिलं, "कटिंगचा एक तास ₹200 चा आहे, ₹120 ओव्हरटाइम देऊन तो वाढवा, तासाला ₹80 सुटतील." मालकाने विश्वास ठेवला आणि कटिंगवाल्याला रोज जास्त थांबवायला सुरुवात केली. मी शेडवर गेलो तेव्हा वेल्डिंगच्या टेबलापाशी कापलेल्या पाइपांचा ढीग लागलेला होता आणि बाहेर जाणारा माल होता तेवढाच होता. "सर, पोरांनी गणित करून सांगितलं म्हणून थांबवला त्याला," मालक म्हणाले. गणित खोटं नव्हतं. ते अर्धंच वाचलं गेलं होतं, आणि ओव्हरटाइमचे पैसे मालकाच्या खिशातून जात होते.

आलेखावर हे लगेच दिसतं. कटिंगची रेषा x + y = 7 वर सरकवा. ती रीजनपासून सुटून बाहेर जाते, कोपरा (2,4) वरच राहतो, नफा ₹1600 च. आता तीच x + y = 5 वर आणा. कोपरा (3,2) होतो आणि नफा ₹1400. म्हणजे कटिंगचा तास गेला तर ₹200 जातात, वाढवला तर काहीच मिळत नाही. ₹200 ही किंमत खरी आहे, पण फक्त कपातीच्या बाजूने.

वेल्डिंगचं आणखी बघण्यासारखं आहे. 9 तास केले तर कोपरा (3,3), नफा ₹1650, वाढ ₹50. 7 तास केले तर नफा साधारण ₹1483.33, घट ₹116.67. (टेबलांचे अपूर्णांक येतात, ती रोजची सरासरी समजा.) वाढीला फक्त ₹50 का? कारण वेल्डिंग सैल होताच कटिंग आडवं येतं. वेल्डिंगच्या तासाबरोबर कटिंगची 20 मिनिटं दिली तर नफ्यात पूर्ण ₹116.67 ची भर पडते. त्या मालकाला द्यायचा सल्ला हा होता. पेंटिंगचा तास वाढवून शून्य मिळतं, कमी करून ₹66.67 जातात.

म्हणून डिजनरेट कोपऱ्यात प्रत्येक अटीला दोन किमती लिहायच्या, एक वाढीची आणि एक घटीची. नफा वाढवायच्या गणितात, बाद न झालेल्या जोड्यांमधली लहान किंमत वाढीसाठी आणि मोठी घटीसाठी. सूत्र आठवत नसेल तर मी करतो ते करा: पट्टी आणि गुण्या घेऊन ती रेषा एका एककाने पुढे आणि एका एककाने मागे समांतर सरकवा, दोन्ही वेळा नवा कोपरा सोडवा. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळण्यासाठी थेट अहवालात आकडा टाकणाऱ्यांना मी गुण देत नाही.

एक्सेलच्या सॉल्व्हरवर सोडवणाऱ्यांनाही सूट नाही. सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट दोनपैकी एकाच जोडीच्या किमती देतो आणि दुसरी जोडी आहे हे सांगत नाही. पण खूण ठेवतो. पहिली जोडी आली असेल तर कटिंगच्या ओळीत `Shadow Price` 200 आणि `Allowable Increase` 0 दिसेल. ते शून्य म्हणजे "ही किंमत वाढीला लागू नाही". मुलं 200 उचलतात आणि त्याच ओळीतलं शून्य वाचत नाहीत.

सिम्प्लेक्समध्ये बरोबरी आली की घाबरू नका

हेच गणित सिम्प्लेक्सने करताना (4,0) वरून y आत घेतला की कटिंगचं गुणोत्तर 4 आणि पेंटिंगचंही 4 येतं. काही जण इथे आधीची आकडेमोड चुकली समजून पान फाडतात. चुकलेलं काही नसतं, ही बरोबरी म्हणजे तोच कोपरा. कोणताही एक बाहेर काढा. दुसरा शून्य किमतीने बेसिसमध्ये राहील, आणि कोणाला काढलंत त्यावर वरच्या दोन किमतींच्या जोड्यांपैकी कोणती मिळेल ते ठरेल. मोठ्या गणितांत अशा बरोबरीतून तेच तक्ते फिरून फिरून येऊ शकतात. बील यांनी 1955 मध्ये तसं उदाहरण दिलं आणि ब्लँड यांच्या 1977 च्या नियमाने ते फिरणं थांबवता येतं. या गणितात त्याची गरज पडत नाही.

तिसरी रेषा जादाची म्हणून खोडू नका

वेल्डिंग आणि पेंटिंगच्या अटी बेरजेला घातल्या की 3x + 3y ≤ 18 येतं, म्हणजे कटिंगची अट आपोआप पाळली जाते. म्हणून तिला जादाची म्हणणं आजच्या तासांपुरतं बरोबर आहे. पण वेल्डिंगचा एक तास वाढला की तीच अट अडवते, हे वर पाहिलं. मी ती आलेखावर तुटक रेषेने ठेवतो, खोडत नाही.

आणि दोन चलांतली ही सवय तीन चलांत नेऊ नका. कागदावर टोकाशी तीन रेषा भेटल्या तर त्यातली निदान एक जादाची निघते, अपवाद फक्त सगळं रीजनच आक्रसून तो एक बिंदू उरला असेल तर. तीन चलांत तसं राहत नाही. गिझाच्या पिरॅमिडच्या शिखरावर चार बाजू भेटतात, लागतात मात्र तीनच, म्हणजे तेही डिजनरेट टोक आहे. तरी त्या चारांपैकी एकही बाजू काढली तर पिरॅमिडचा आकार बदलतो.