जुनं गाणं शोधताना वर्षाचा फिल्टर जरा सैल ठेवा

सांगलीच्या एसटी स्टँडवर एक जुनं मराठी भावगीत कानावर पडलं, पण 'पाऊस' एवढाच शब्द लक्षात राहिला, असं समजा. स्पॉटिफायच्या शोधचौकटीत आधी असं टाइप करा:

```
paus year:1960-1979
```

कोलननंतर मोकळी जागा सोडू नका. बऱ्याच मराठी गाण्यांची नावं रोमन लिपीत चढवलेली असतात, म्हणून `paaus` आणि `पाऊस` हेही करून बघा.

तरी गाणं सापडलं नाही, तर चूक बहुधा वर्षाची. फिल्टर अल्बमवर नोंदलेली तारीख पाहतो, ध्वनिमुद्रणाची नाही. 1965 चं गाणं 2004 च्या निवडक गाण्यांच्या संग्रहातून चढलं असेल, तर ते 2004 मध्येच दिसतं. अशा वेळी `year:` काढून टाका आणि गायकाचा अंदाज असेल तर `artist:` लावा.

भाषेसाठी असा वेगळा फिल्टर इथे नाही. `marathi` हा शब्द जोडा, पण तो नावात किंवा अल्बममध्ये असेल तरच उपयोग होतो. संगीतप्रकार आणि मूड सांगणारे शब्द मात्र अगदी शेवटी जोडा. एकच पाऊसगाणं कुणाला विरहाचं वाटतं, कुणाला आनंदाचं. चुकीच्या मूडमुळे हवं तेच गाणं यादीतून गळतं.