दुसरं सिम की मेमरी कार्ड?

गुहागरात एका कंपनीची रेंज, वाडीत दुसरीचीच. म्हणून कोकणात दोन सिमं लागतातच. पण हायब्रिड ट्रेचा दुसरा खण सामायिक असतो: त्यात नॅनो सिम बसवा किंवा मेमरी कार्ड. दोघांची जागा एकच, त्यामुळे एकावर एक ठेवून ट्रे आत जात नाही. सिम तासून कार्डावर चिकटवण्याचा प्रयोग करू नका. ट्रे अडकतो, आतल्या पिना वाकतात.

आधी `*#06#` डायल करा. यादीत `EID` दिसला, तर फोनला ई-सिम चालतं. एक नंबर कंपनीकडून ई-सिम करून घ्या, दुसरं सिम पहिल्या खणात ठेवा, की कार्डाला जागा मोकळी. `EID` नसेल, तर दोन्ही सिमं ठेवून फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर हलवा.