पोस्टाच्या आरडीचा हप्ता चुकला? पुढच्या महिन्यात एवढी शिल्लक ठेवा

बचत खात्यात पैसे कमी असले की आरडीचा हप्ता वळता होत नाही. पुढच्या महिन्यात नुसत्या एका हप्त्यापुरते पैसे ठेवून भागत नाही, कारण पोस्ट आधी थकलेला हप्ता दंडासह घेते, मग चालू महिन्याचा.

समजा हप्ता ३००० रुपयांचा आहे. दंड शंभराला महिना १ रुपया, म्हणजे ३० रुपये. दोन्ही हप्ते मिळून ६०३० झाले. बचत खात्यात किमान ५०० रुपये राहायलाच हवेत, म्हणून ६५३० ठेवा.

खातं १५ तारखेपर्यंत उघडलेलं असेल तर हप्ता दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत लागतो. त्यानंतर उघडलेलं असेल तर महिनाअखेरपर्यंत मुदत असते. पगार उशिरा होणाऱ्यांनी १६ नंतर खातं उघडलेलं बरं.

महिना १ टक्का दंड म्हणजे वर्षाला १२ टक्के. आरडीचं व्याज याच्या निम्म्याहून थोडंच जास्त, त्यामुळे थकबाकी लांबवू नका.

चार हप्ते थकले की खातं खंडित होतं, आणि ते पुन्हा सुरू करायला त्यानंतर दोनच महिने मिळतात.