शिबिर सुटताना या चुका टाळा

मे महिन्यात गावात मुलांचं शिबिर घेतलं की मुंबईहून आलेली नि गावातली मुलं एकत्र येतात. न्यायला कोण येईल याचा नेम नसतो. मामा, शेजारचे काका, नाहीतर आजीने पाठवलेला रिक्षावाला. घोळ होतो तो इथेच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उत्तर आपणच पुरवणं. गुहागरजवळ आमच्या मातीकामाच्या शिबिरात दोन आर्या होत्या, एकाच भावकीतल्या, त्यामुळे आडनावही एकच. रिक्षावाला आला. दारावरच्या आमच्या कॉलेजकुमाराला घरी जायची घाई. "आर्याला न्यायला ना?" "हां, आजीने पाठवलंय." मग त्याने पाच वर्षांच्या आर्याला विचारलं, "काकांना ओळखतेस ना?" गावातल्या कुठल्या पोराला रिक्षावाले काका ओळखीचे नसतात? आजीही दोघींना होतीच. पोर खुशाल जाऊन बसली. दहा मिनिटांनी तिची आई आली, तर आमच्याकडे उरलेली आर्या नऊ वर्षांची! रिक्षा तोवर वरच्या वाडीत भलत्याच आजीच्या अंगणात पोचली होती. पोर सुखरूप परत आली, पण त्या आईला तोंड दाखवायची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून दारावर मी एकच प्रश्न विचारते, "कोणाला न्यायला आलात?" मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि वाडी समोरच्याने सांगायची. मग फोटो असलेलं ओळखपत्र बघून त्याचं नाव यादीशी ताडायचं. ही यादी सकाळी मूल सोडतानाच पालकांच्या हाताने लिहून घेते, कोणी न्यायचं ती दोन-तीन नावं, आणि कोणाकडे मुळीच द्यायचं नाही तेही. ओळखपत्राची झेरॉक्स ठेवू नका, नुसतं बघणं पुरतं.

यादीत नाव नसेल तर माणूस स्वतःचा फोन पुढे करतो, "घ्या, बोला तिच्या आईशी." तो फोन घेऊ नका. पलीकडे कोण बोलतंय हे तुम्हाला कुठे कळतंय? फॉर्मवरच्या नंबरावर फोन आपणच लावायचा. आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून दुसरा नंबर मागून घेते, शक्यतो वेगळ्या कंपनीचा. दोन्ही लागले नाहीत तर मूल माझ्यापाशी थांबतं. लोक चिडतात. चिडू देत.

छातीवर नावाचा बिल्ला लावू नका. नाव वाचून कोणीही "अगं आर्या" म्हणून हाक मारतो आणि पोर त्याला ओळखीचा समजते. मनगटावरच्या पट्टीवर फक्त नंबर लिहा, तोच नंबर पालकांच्या चिठ्ठीवर. साधं स्केचपेन घामाने आणि चिखलाने दुपारपर्यंत पुसतं, पक्क्या शाईचं मार्कर घ्या. चिठ्ठी हरवते, दुसऱ्याच्या हातीही पडते, म्हणून चिठ्ठी दाखवली तरी नाव यादीत लागतंच.

आणि नेणाऱ्याची सही घ्यायची ती मूल ताब्यात देताना, वेळ लिहून. सगळ्यांच्या सह्या सकाळीच उरकून घेणारे महाभागही मी पाहिलेत.