लो इन्व्हॉल्व्हमेंट म्हणजे स्वस्त वस्तू नव्हे: कन्झ्युमर बिहेविअरच्या उत्तरात या चुका टाळा

बीकॉम, बीएमएस, एमबीए, कुठलाही कोर्स घ्या, मार्केटिंगच्या पेपरला हा प्रश्न फिरून फिरून येतोच. ग्राहकाच्या खरेदी निर्णयाच्या पायऱ्या सांगा आणि लो इन्व्हॉल्व्हमेंट व हाय इन्व्हॉल्व्हमेंट खरेदीत त्या कशा बदलतात ते उदाहरणासह लिहा. प्रश्न सोपा वाटतो म्हणून सगळे तो घेतात, आणि दहापैकी पाच-सहावर अडकतात. कारण पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात: गरज जाणवणे, माहिती शोधणे, पर्यायांचं मूल्यमापन, खरेदीचा निर्णय, खरेदीनंतरचं वर्तन. पण प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याला शेवटी दोन ओळी मिळतात, त्याही बहुतेक अशा: "लो इन्व्हॉल्व्हमेंट वस्तू स्वस्त असतात, त्यात काही पायऱ्या वगळल्या जातात." मार्क जातात ते इथे.

आधी त्या "स्वस्त" शब्दाचं बघू. इन्व्हॉल्व्हमेंट हा वस्तूचा गुण नाहीच. त्या माणसाला त्या वेळी ती खरेदी किती महत्त्वाची वाटते आणि चूक झाली तर काय बिघडेल असं वाटतं, त्यावर ते ठरतं. किंमत हे त्यातलं एक कारण, कारण पैसे बुडण्याची भीती असते, पण भीती पैशाचीच असते असं कुठे आहे? बाळासाठी पहिल्यांदा दूध पावडर घेणारी आई डब्यावरचं बारीक अक्षर वाचते, डॉक्टरांना विचारते, बहिणीला फोन करते, आणि डब्याची किंमत मोबाईलच्या मानाने काहीच नसते. तिथे शरीराला अपाय होईल ही धास्ती आहे. पेढ्यांचं घ्या. घरी खायला पाव किलो पेढे जाता जाता कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो, पण साखरपुड्याला मुलीच्या सासरी न्यायचे असले की दुकान कुठलं, बॉक्स कसा, कालचे तर नाहीत ना, आणि मावशीचं मतही लागतं. पेढे तेच, किंमतही जवळपास तीच, पण लोक काय म्हणतील हा धोका आला. उत्तरात असं एक उदाहरण टाकलं की वाचणाऱ्याला कळतं, याला समजलंय. आणि शक्य असेल तर इथे फरक करा: बाईकचा शौक असणाऱ्या पोराला बाईकबद्दल कायमच रस असतो, घ्यायची असो वा नसो, ते टिकाऊ इन्व्हॉल्व्हमेंट. साखरपुड्याचे पेढे हे प्रसंगापुरतं, प्रसंग संपला की संपलं.

आता मोठी चूक, "पायऱ्या वगळल्या जातात". हे अर्धवट खरं आहे म्हणूनच घातक आहे. लो इन्व्हॉल्व्हमेंटमध्ये माहितीचा शोध जवळजवळ डोक्यातल्या आठवणींपुरता राहतो हे खरं, पण खरा बदल क्रमाचा आहे. हाय इन्व्हॉल्व्हमेंटमध्ये माणूस आधी माहिती घेतो, मग त्याचं मत बनतं, मग तो विकत घेतो. लो इन्व्हॉल्व्हमेंटमध्ये ब्रँड कानावर, डोळ्यांवर पडून पडून ओळखीचा होतो, मग तो विकत घेतला जातो, आणि मत बनायचंच असेल तर वापरल्यावर बनतं. म्हणजे मूल्यमापन गायब होत नाही, ते खरेदीनंतर होतं. टीव्ही जाहिरातींबद्दल हर्बर्ट क्रुगमन यांनी 1965 मध्ये हाच मुद्दा मांडला होता: बघणारा जाहिरातीशी वाद घालत नाही, नीट लक्षही देत नाही, तरी वारंवार बघून काहीतरी आत उतरतं आणि ते दुकानात उभं राहिल्यावर कामाला येतं. हे नाव आणि साल लिहिलंत तर उत्तम, नाही आठवलं तर क्रम तरी लिहा. क्रम लिहिणारे खूप कमी असतात.

हे नुसतं सांगून उपयोग नाही, एक केस पूर्ण चालवून दाखवावी लागते. समजा साताऱ्याची एक नोकरी करणारी मुलगी आहे, रोज एसटीने जाऊन कंटाळली आणि ऑफिसची वेळ बदलल्यावर परतीची गाडी चुकायला लागली. ही गरज जाणवली. लक्षात घ्या, "तिला स्कूटर हवी आहे" ही गरज नाही, ती गरजेवरचा एक उपाय आहे. आजची अवस्था आणि हवी ती अवस्था यात अंतर पडलं ती गरज. बरीच पोरं पहिल्याच पायरीत वस्तूचं नाव लिहून मोकळी होतात.

मग ती विचारत फिरते, ऑफिसमधल्या ताई, गल्लीतला मेकॅनिक, यूट्यूबवरचे रिव्ह्यू, दोन शोरूम. बाजारात असलेल्या सगळ्या स्कूटर तिच्या विचारात येतच नाहीत, शेवटी दोन उरतात. त्यांना आपण पहिली आणि दुसरी म्हणू. तिच्या लेखी मायलेजचं वजन 0.4, किमतीचं 0.3, सर्व्हिस सेंटरचं 0.2 आणि दिसण्याचं 0.1. पहिलीला ती दहापैकी मायलेज 7, किंमत 6, सर्व्हिस 9, दिसणं 6 देते, बेरीज 2.8 + 1.8 + 1.8 + 0.6 म्हणजे 7.0. दुसरीला 8, 9, 4, 8, म्हणजे 3.2 + 2.7 + 0.8 + 0.8 बरोबर 7.5. दुसरी जिंकली? या हिशोबाने हो, कारण इथे एका बाबतीतली कमतरता दुसऱ्या बाबतीत भरून निघते. पण तिने आधीच मनाशी ठरवलं असेल की सर्व्हिसला 5 च्या खाली असलेली गाडी नको, जवळ सेंटरच नाही म्हटल्यावर कोण ढकलत नेणार, तर दुसरी तिथेच बाद आणि पहिली येते. आकडे तेच, नियम बदलला आणि गाडी बदलली. मूल्यमापनाच्या पायरीत "ग्राहक पर्यायांची तुलना करतो" एवढंच लिहिण्यापेक्षा हे पाच ओळीत लिहा, आकडे मनाचे चालतात, फक्त बेरीज बरोबर हवी.

पुढे, पहिली घ्यायचं ठरलं म्हणजे घेतली असं नाही. इच्छा आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्या मधे दोन गोष्टी येऊ शकतात: जवळच्यांचं मत (बाबा म्हणाले, त्या कंपनीची नको) आणि अचानक आलेली परिस्थिती (घरात हॉस्पिटलचा खर्च निघाला). चौथ्या पायरीत हे नसेल तर ती पायरी रिकामीच आहे.

आता तीच मुलगी मीठ घेते. डबा संपला ही गरज, शोध म्हणजे नेहमीचा पुडा आठवणे, खरेदीआधी मूल्यमापन नाही, दुकानात हात जातो तो ओळखीच्या पुड्याकडे, आणि घरी येऊन त्यावर कोणी चर्चा करत नाही. पुडा ओलसर निघाला तरच मत बनतं, तेही वाईट. बघा, पाचही पायऱ्यांवर बोलता आलं, आणि प्रत्येक ठिकाणी स्कूटरपेक्षा काय वेगळं ते दिसलं. आपलं उत्तर जमलंय का हे तपासायची युक्ती सांगते: लिहून झाल्यावर स्कूटरच्या जागी मीठ घालून वाचा, वाक्य तसंच खरं वाटलं तर ते वाक्य फुकट गेलं, कारण त्यात फरक सांगितलेलाच नाही.

मिठावरून पुढची गडबड. तोच पुडा दर महिन्याला येतो म्हणून "ब्रँड लॉयल्टी" लिहून टाकतात. ही बहुतेक वेळा नुसती सवय असते. ओळखायचं कसं? दुकानात तो पुडा नसेल तर काय होतं ते बघायचं. शेजारचा दुसरा उचलून घरी आली तर सवय होती, दोन दुकानं पालथी घातली तर निष्ठा. बिस्किटांची उलट गोष्ट, तिथे लोक ब्रँड बदलत राहतात आणि विद्यार्थी लिहितात की ग्राहक असमाधानी होता. नाही हो, कालचं बिस्किट आवडलंच होतं, आज दुसरं खाऊन बघावंसं वाटलं एवढंच. हेन्री असाएल यांची चार प्रकारांची मांडणी इथेच कामाला येते, कारण ती इन्व्हॉल्व्हमेंटच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारते, ब्रँडांमधे फरक किती वाटतो. इन्व्हॉल्व्हमेंट कमी आणि फरकही कमी, तर मीठ, सवयीची खरेदी. इन्व्हॉल्व्हमेंट कमी पण फरक बराच, तर बिस्किटं, बदल म्हणून खरेदी. दोन्ही जास्त तर आपली स्कूटर.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त चुकतो: इन्व्हॉल्व्हमेंट जास्त, पण फरक फारसा दिसत नाही. घराच्या फरशीचं उदाहरण घ्या. खर्च मोठा, एकदाच बसवायची, पाहुण्यांना दिसणार, पण दुकानात चार कंपन्यांच्या टाइल्स समोर ठेवल्या की सगळ्या सारख्याच वाटतात. मग माणूस भाव बरा आणि माल लगेच मिळतोय बघून पटकन घेतो, आणि बसवल्यावर शेजाऱ्याकडची बघून मन खायला लागतं, आपण घाई केली का? ही खरेदीनंतरची चलबिचल, लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या कॉग्निटिव्ह डिसोनन्सवर आधारलेली. हिला असमाधान म्हणू नका. असमाधान म्हणजे फरशी तडकली, अपेक्षेपेक्षा कमी निघाली. चलबिचलीत फरशी ठणठणीत असते, निर्णयावर शंका असते. उपायही म्हणून वेगळा: तडकली तर बदलून द्या, शंका असेल तर खरेदीनंतर फोन करून, वॉरंटी समजावून ग्राहकाला आपण बरोबर घेतलं असं वाटू द्या.

शेवटचा भाग बहुतेक जण वेळ संपला म्हणून सोडतात: मार्केटिंगवाल्याने काय करायचं. मीठवाल्याने लांबलचक माहितीची जाहिरात देऊन पैसे घालवू नयेत, वारंवार दिसावं, कपाटात नजरेच्या उंचीवर असावं आणि माल कधी संपू देऊ नये, कारण संपला की सवय तुटते आणि शेजारचा पुडा घरात शिरतो. स्कूटरवाल्याने टेस्ट राइड, तुलनेचा तक्ता आणि जाणकार सेल्समन यावर पैसे घालावेत. आणि मीठवाला आयोडीनचं किंवा रक्तदाबाचं बोलायला लागला की समजा तो मुद्दाम लो इन्व्हॉल्व्हमेंटची वस्तू तब्येतीच्या काळजीशी जोडून वर ढकलतोय. हे एक वाक्य पेपरात शेवटी टाका, फार कमी जण टाकतात.