फोटोवरून दगड ओळखायचाय? रंग सगळ्यात शेवटी बघा

कुणी दगडाचा फोटो टाकून नाव विचारलं की खाली "गुलाबी दिसतोय, रोझ क्वार्ट्झ असेल" हे उत्तर वाचून डोकं फिरतं माझं. आपल्याकडे विहीर खणताना, रस्ता फोडताना काळ्या दगडाच्या पोकळीतनं जे पांढरं-गुलाबी चमचमतं काहीतरी निघतं ना, त्याच्यात रंगावर गेलात की हमखास फसाल.

आधी दगड धुवून वाळवा. फोटो सावलीतल्या उजेडात काढा, फ्लॅश नको, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. मग बाहेरचा दगड बघा. काळपट आणि कण डोळ्याला सुटे दिसत नाहीत, म्हणजे बहुतेक बेसाल्ट. आत पट्टे असतील आणि ते पोकळीच्या कडेला धरून वळत गेले असतील तर अकीक. इतकं सोपं.

खरी गोची चमकेची. एका फोटोत ती कळतच नाही, कारण ओल्या दगडावर किंवा फ्लॅशमध्ये सगळंच काचेसारखं दिसतं. मी स्वतः एकदा ओल्या दगडाचा फोटो बघून छातीठोकपणे क्वार्ट्झ सांगितलं होतं, निघालं कॅल्साइट, लोकांनी महिनाभर चेष्टा केली! तेव्हापासून मी एक फोटो घेतच नाही. दगड जागेवर ठेवून थोडा थोडा फिरवत पाच-सहा फोटो मागतो, नाहीतर सरळ दहा सेकंदांचा व्हिडिओ. आणि बघायचं काय, तर कुठली बाजू कशी चमकते ते. सगळ्या बाजू काचेसारख्या आणि तुटलेल्या जागी शिंपल्यासारखे गोलसर वळसे असतील तर क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. तुटताना तिरप्या चौकटी पडल्या असतील, आत तिरक्या रेघा दिसत असतील तर कॅल्साइट. एकच सपाट बाजू मोत्यासारखी दुधाळ चमकते आणि बाकीच्या काचेसारख्या, मग झिओलाइट गटातल्या खनिजांकडे किंवा अपोफिलाइटकडे वळा.

परवाच एकाने नाशिककडचा नमुना पाठवला, फिकट पीच रंगाचा, सोबत "रोझ क्वार्ट्झच ना?" मी फिरवून फोटो मागवले. तिसऱ्या फोटोत रुंद सपाट बाजूवर मोत्याची झाक आली आणि स्फटिकांची जुडी मधे आवळलेली, दोन्ही टोकांना पसरलेली, अगदी बो टायसारखी. स्टिल्बाइट, झिओलाइट गटातलंच. अपोफिलाइट असतं तर चौकोनी खांब आणि वर टोक दिसलं असतं, खांबावर उभ्या बारीक रेघा.

तरी शंका राहिलीच तर फोटो बाजूला ठेवा आणि समोरच्याला सांगा, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्टीलच्या चाकूने ओरखडा काढ. गारगोटीवर ओरखडा उठत नाही, स्टिल्बाइट आणि कॅल्साइटवर उठतो. त्या ओरखड्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर कॅल्साइट. मात्र चांगला स्फटिक असेल तर हे त्याच्या तुटक्या तुकड्यावरच करायला सांगा, नाहीतर ओळख पटेल पण नमुन्याची वाट लागेल.